किती दिवस उभी राहील, ते आधी विचार

लातूर

चि. मुक्तास,


तुझं पत्र आणि सोबतचे दोन्ही गाड्यांचे फोटो मिळाले. पुण्याची 2019 ची फोर्ड इकोस्पोर्ट डिझेल आणि नांदेडची 2019 ची मारुती व्हिटारा ब्रेझा डिझेल. इकोस्पोर्ट सव्वा लाखानं स्वस्त, धावलेलीही कमी, आणि तुला चालवायला जास्त आवडली. शेवटी तू विचारलं आहेस, "मामा, दोन्हींतली भरवशाची कोणती, एवढंच सांगा."

एवढंच सांगता आलं असतं तर दोन ओळींत सांगितलं असतं. पण उत्तर गाडीत जितकं आहे तितकंच ते तुझ्या गावात आणि तुझ्या कामात आहे. तू उदगीरला राहतेस, ड्यूटी देवणीच्या बाजूला, रात्री-अपरात्री बोलावणं येतं आणि घरात दुसरी गाडी नाही. मी इतकी वर्षं विमा कंपन्यांसाठी अपघाती गाड्यांचे सर्व्हे करतो आहे. त्यातून एक गोष्ट पक्की कळली आहे: लहान गावात गाडी किती वेळा बिघडते यापेक्षा बिघडल्यावर ती किती दिवस उभी राहते, यावर माणसाची खरी गैरसोय ठरते. म्हणून गाडी निवडताना तीन ठिकाणी चौकशी करायची. काय बिघडतं ते मालकांकडून कळतं. त्यातलं कंपनीनं किंवा सरकारनं काय मान्य केलं ते रिकॉलच्या नोंदींतून कळतं. आणि बिघडल्यावर किती दिवस जातील ते पार्टच्या दुकानात कळतं. तिन्ही एकमेकांवर ताडून पाहिल्याशिवाय निर्णय करू नकोस.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करून घे. "इकोस्पोर्ट कशी आहे?" हा प्रश्न चुकीचा आहे, कारण इकोस्पोर्ट नावाची एकच गाडी नाही. 2013 च्या जूनमध्ये ती भारतात आली तेव्हापासून 2022 मध्ये चेन्नईजवळच्या मराईमलाई नगरच्या कारखान्यातून शेवटची बाहेर पडेपर्यंत त्या एका नावाखाली वेगवेगळी इंजिनं आणि गिअरबॉक्स बसले. दीड लिटर डिझेल मॅन्युअल होती. एक लिटरचं टर्बो पेट्रोल इकोबूस्ट होतं. सुरुवातीच्या दीड लिटर पेट्रोल ऑटोमॅटिकमध्ये पॉवरशिफ्ट नावाचा दोन कोरड्या क्लचांचा गिअरबॉक्स होता. 2017 च्या नोव्हेंबरमध्ये चेहरा बदलला, तेव्हा पेट्रोलचं इंजिन बदलून तीन सिलिंडरचं आलं आणि ऑटोमॅटिकही साध्या टॉर्क कन्व्हर्टरचा झाला. यांतल्या एकीचा अनुभव दुसरीला लावता येत नाही. म्हणून कुणालाही विचारताना इंधन, गिअरबॉक्स आणि बनावटीचं साल एका वाक्यात सांगून विचार. आरसीवर बनावटीचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं, ते बघ. नोंदणीचं साल वेगळं असू शकतं.

आता मालकांचे अनुभव कसे वाचायचे ते सांगतो.

इंटरनेटवर मालक लिहितात, गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बोलतात, ते सगळं उपयोगाचं आहे, पण चाळून घ्यावं लागतं. गाडी घेतल्यावर पहिल्या वर्षात लिहिलेलं कौतुक बाजूला ठेव. नवी गाडी सगळ्यांनाच गोड लागते. पाच वर्षं झालेली आणि साठ हजार किलोमीटरच्या पुढं गेलेली माणसं काय म्हणतात ते वाच. तिथंही राग किती आहे हे मोजू नकोस. एखादा माणूस वैतागून चार पानं लिहितो आणि तक्रार असते सर्व्हिस सेंटरच्या माणसाच्या बोलण्याची. त्यावरून गाडी कळत नाही. ज्या गाड्या जास्त विकल्या जातात त्यांच्या तक्रारीही जास्तच दिसणार, म्हणून नुसत्या तक्रारींची संख्या मोजूनही काही कळत नाही.

खुणेची गोष्ट अशी: तोच पार्ट, साधारण तेवढ्याच किलोमीटरला, वेगवेगळ्या गावांत आणि एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांच्या गाडीत जात असेल, तर तो दोष गाडीचा. एकाच्याच गाडीत तीन वेगळ्या गोष्टी बिघडल्या असतील, तर बहुधा ती गाडी किंवा तिची निगा वाईट. मालक भेटला की त्याला "गाडी कशी आहे?" असं विचारू नकोस. विचार: कोणता पार्ट गेला, किती किलोमीटरला, बदलल्यावर पुन्हा गेला का, आणि गाडी किती दिवस उभी होती? शेवटचा प्रश्न लोक विसरतात आणि तुझ्यासाठी तोच सगळ्यात मोलाचा आहे. पुण्यातला माणूस "दोन दिवसांत झालं" म्हणेल. तेच काम उदगीरच्या माणसाला किती दिवसांत झालं ते शोध. तसा माणूस उदगीरला सापडत नसेल तर अहमदपूर, निलंगा, भालकी, बिदर इथला शोध. असा एक माणूस पुण्यामुंबईच्या वीस जणांपेक्षा जास्त उपयोगी.

पॉवरशिफ्टचं उदाहरण मुद्दाम सांगतो, कारण मालकांच्या तक्रारीतून खरा दोष कसा वर येतो ते त्यात दिसतं. संथ गतीनं, गर्दीतून जाताना गाडीला थरथर येते, पिकअप अडखळतो, अशा तक्रारी वेगवेगळ्या देशांतून सारख्याच शब्दांत येत होत्या. ऑस्ट्रेलियात काही ग्राहकांना "तुमची चालवण्याची पद्धतच तशी" असं सांगण्यात आलं. तिथल्या ग्राहक-संरक्षण आयोगानं ते प्रकरण कोर्टात नेलं आणि 2018 च्या एप्रिलमध्ये फेडरल कोर्टानं फोर्डला एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. त्या प्रकरणात फोकस आणि फिएस्टाबरोबर इकोस्पोर्टही होती. हजारो किलोमीटरच्या अंतरावरची, एकमेकांना न ओळखणारी माणसं एकच गोष्ट सांगतात, तेव्हा दोष त्यांच्या पायात नसतो. तू पाहिलेली गाडी डिझेल मॅन्युअल आहे, त्यामुळे हा दोष तिला लागू नाही. पण उद्या कुणी 2014-15 ची ऑटोमॅटिक इकोस्पोर्ट अगदी पाण्याच्या भावात दाखवली, तर ती स्वस्त का आहे ते तुला माहीत असावं.

दुसरी चौकशी रिकॉलची.

रिकॉल झाली म्हणजे गाडी वाईट, असं सरसकट समजू नकोस. आपल्याकडे वाहन कंपन्यांच्या संघटनेनं, सियामनं, 2012 मध्ये स्वेच्छेच्या रिकॉलची पद्धत घातली. मग 2019 च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यानं सरकारला रिकॉलचा हुकूम देण्याचा अधिकार दिला आणि त्याचे नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू झाले. सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना ते लागू होतात. एखाद्या जुन्या गाडीच्या नावावर 2012 च्या आधीची एकही रिकॉल दिसली नाही, तर त्यावरून ती निर्दोष ठरत नाही. त्या काळी जाहीर करण्याची रीतच नीट रुळलेली नव्हती.

रिकॉलची नोटीस वाचताना तीन गोष्टी बघ: कोणता पार्ट, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतच्या गाड्या, आणि कारण काय. तारखांची खिडकी अरुंद असेल तर बहुधा पुरवठादाराच्या एखाद्या लॉटमध्ये गडबड होती. ती दुरुस्त झाली की विषय संपला. खिडकी कित्येक वर्षांची असेल, किंवा तोच पार्ट पुन्हा पुन्हा परत बोलावला जात असेल, तर रचनेतच काहीतरी कमकुवत आहे. इकोस्पोर्टच्याच बाबतीत बघ. 2016 मध्ये सुमारे अठ्ठेचाळीस हजार गाड्या परत बोलावल्या गेल्या. त्यात सुरुवातीच्या काळातल्या डिझेल गाड्यांच्या इंधनाच्या आणि ब्रेकच्या नळ्या क्लिपनं नीट बांधायच्या होत्या. 2019 च्या गाडीच्या दृष्टीनं ही रिकॉल जुनी झाली.

एक नोंद मात्र आपल्या देशाबाहेर बघावी लागते. चेन्नईत बनलेली इकोस्पोर्ट अमेरिकेतही विकली जायची. अमेरिकेच्या रस्ते-सुरक्षा खात्याकडे, एनएचटीएसएकडे, प्रत्येक मॉडेलच्या रिकॉल आणि मालकांच्या तक्रारी सालवार बघता येतात. तिथं 2023 च्या डिसेंबरमध्ये एक लिटर इकोबूस्टच्या सुमारे एक लाख चाळीस हजार गाड्या परत बोलावल्या गेल्या. त्यात 2018 ते 2022 च्या इकोस्पोर्ट होत्या. कारण असं की ऑइल पंप फिरवणाऱ्या पट्ट्याचा टेन्शनर तुटू शकतो. तो तुटला की ऑइलचा दाब जातो, इंजिन बंद पडतं आणि ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदतही कमी होते. याच आकाराचं आणि याच नावाचं इंजिन आपल्याकडे 2018 मध्ये इकोस्पोर्टच्या 'एस' मॉडेलमध्ये आलं होतं. म्हणून आपल्या यादीत एखादी गाडी दिसत नसली, तरी तेच इंजिन दुसऱ्या देशात कुठं अडलं हे बघावं. तुझी डिझेल यातूनही सुटते. पण एव्हाना तुझ्या लक्षात आलं असेल की एकाच नावाच्या गाड्यांतल्या दोन मी तुला दारातूनच परत पाठवायला सांगितल्या असत्या आणि तिसरीवर आपण अजून बोलतो आहोत.

ब्रेझाच्या बाजूनंही तेवढंच कडक राहू. 2021 च्या सप्टेंबरमध्ये मारुतीनं 1,81,754 पेट्रोल गाड्या परत बोलावल्या. सियाझ, अर्टिगा, एस-क्रॉस, एक्सएल6 यांच्याबरोबर त्यात व्हिटारा ब्रेझाही होती. दोष मोटर जनरेटर युनिटमध्ये असण्याची शक्यता होती, आणि युनिट बदलेपर्यंत पाणी साचलेल्या रस्त्यावरून जाऊ नका, विजेच्या भागांवर थेट पाणी मारू नका, असं मालकांना सांगितलं होतं. ब्रेझाला पेट्रोल इंजिन 2020 मध्ये आलं. तू पाहिलेली 2019 ची डिझेल आहे, म्हणून ही रिकॉल तिच्या वाट्याची नाही. तरी चॅसी नंबर टाकून तपास. सतरा अक्षरांचा हा नंबर आरसीवर असतो. कंपनीच्या संकेतस्थळावर तो टाकला की त्या गाडीचं काही काम बाकी आहे का ते कळतं. दोन्ही गाड्यांचा टाक, आणि बाकी काम निघालं तर ते विकणाऱ्यानं पूर्ण करून दिल्याशिवाय पैसे देऊ नकोस. रिकॉलचं काम फुकट होतं, त्यामुळे त्यानं टाळाटाळ करायचं कारण नाही.

आणखी एक बारकावा सांगून रिकॉलचा विषय संपवतो. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये होंडानं इंधन पंप बदलण्यासाठी 90,468 गाड्यांची घोषणा केली आणि त्याबरोबर 2,204 जुन्या गाड्या वेगळ्या मोजल्या. या जुन्या गाड्या कारखान्यातून चांगल्या निघाल्या होत्या. पुढं कधीतरी दुरुस्तीत त्यांना त्याच सदोष प्रकारचा पंप बसला होता. म्हणजे गाडीच्या बनावटीची तारीख खिडकीबाहेर असली, तरी मधे बदललेला पार्ट खिडकीतला असू शकतो. म्हणून जुनी गाडी घेताना सर्व्हिसची बिलं माग. कोणता पार्ट कधी बदलला हे बिलावर असतं, विकणाऱ्याच्या आठवणीत नसतं. आणि रिकॉलची मर्यादाही ओळख: ती सुरक्षिततेच्या दोषासाठी असते. क्लच लवकर झिजतो, एसीचा कंडेन्सर गळतो, काचेचं बटण जातं, या गोष्टींची रिकॉल सहसा होत नाही. त्या मालकांकडूनच कळतात आणि त्यांचे दिवस पार्टच्या दुकानात ठरतात.

तर आता दुकानाकडे. माझ्या मते तुझा निर्णय इथं होणार आहे.

फोर्डनं 9 सप्टेंबर 2021 रोजी भारतातलं उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. त्याच वेळी गाड्यांची सेवा आणि पार्ट पुरवणं चालू ठेवू, आणि दिल्ली, चेन्नई, मुंबई, साणंद, कोलकाता इथले पार्टचे डेपो ठेवू, असं सांगितलं. म्हणून "फोर्डचे पार्ट मिळतच नाहीत" असं जे लोक बोलतात ते खरं नाही. पण डेपो मुंबईला असणं आणि पार्ट उदगीरला असणं यात बरंच अंतर आहे.

पार्ट तीन जातींचे असतात. पहिली जात झिजणाऱ्या पार्टची: ऑइल फिल्टर, ब्रेक पॅड, क्लच सेट, वायपर, बेअरिंग. हे बाहेरच्या कंपन्याही बनवतात, त्यामुळे गाडी बंद झाली तरी त्यांचा माल बराच काळ येत राहतो. दुसरी जात मधल्या पार्टची: लोअर आर्म, शॉकॲब्सॉर्बर, इंजिन माउंटिंग, रेडिएटर, वॉटर पंप, एसी कंडेन्सर. हे गाडी किती विकली गेली त्यावर अवलंबून. तिसरी जात त्या मॉडेलच्याच पार्टची: हेडलाईट, बंपर, फेंडर, आरसा, काचेची बटणं, स्टिअरिंगखालची क्लॉक स्प्रिंग, इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट. त्या मॉडेलला पुरेसं गिऱ्हाईक नसेल, तर हे पार्ट कंपनीशिवाय दुसरा कुणी बनवत नाही, आणि लहान गावातली गाडी उभी राहते ती जवळजवळ नेहमी यांच्याचसाठी.

माझ्या एका फाईलची हकीकत सांगतो, म्हणजे हे डोळ्यापुढं येईल. रेणापूर नाक्याच्या पुढं एक गाडी जनावराला धडकली. कंपनी देश सोडून गेलेली. नाव सांगत नाही, कारण मुद्दा त्या कंपनीचा नाही. नुकसान मोठं नव्हतं: बंपर, डावा हेडलाईट, रेडिएटर, कंडेन्सर आणि पुढचा सपोर्ट पॅनल. रेडिएटर बाहेरच्या कंपनीचा दुसऱ्या दिवशी आला. कंडेन्सरही आला. बंपर आठवड्यानं आला. हेडलाईट मात्र येईना. गॅरेजवाल्यानं जो हेडलाईट मागवला होता तो चेहरा बदलण्याआधीच्या गाडीचा निघाला. गाडीच्या नावानं मागवला होता, पार्ट नंबरानं नाही. तो परत गेला, बरोबरचा शोधण्यात महिना उलटला आणि शेवटी तो पुण्यात एका अपघाती गाडीचा मिळाला. गाडीचं इंजिन पहिल्या दिवसापासून ठणठणीत होतं. तिच्या मालकाला ती भरवशाची होती की नव्हती, ते तूच ठरव.

त्यावरून तुला करायचं काम सांगतो. एका कागदावर दहा पार्ट लिही: ऑइल फिल्टर, पुढचे ब्रेक पॅड, क्लच सेट, पुढचं व्हील बेअरिंग, लोअर आर्म, रेडिएटर, एसी कंडेन्सर, डावा हेडलाईट, पुढची काच आणि ड्रायव्हर बाजूच्या काचेचं बटण. समोर दोन्ही गाड्यांचे रकाने पाड. मग तीन ठिकाणी विचार: उदगीरचं ऑटोमोबाईलचं दुकान, लातूर किंवा नांदेडचा डीलर, आणि हैदराबाद किंवा पुण्याचा मोठा होलसेलवाला. प्रत्येक पार्टपुढं उत्तर लिही: दुकानात आहे, उद्या ट्रॅव्हल्सनं येईल, ऑर्डर द्यावी लागेल, की "बघून सांगतो". माझ्या अनुभवानं "बघून सांगतो" याचा अर्थ नाही, असाच धर. इकोस्पोर्टच्या हेडलाईटचं विचारताना 2017 नंतरच्या चेहऱ्याचा हवा हे आवर्जून सांग. ब्रेझाचंही 2020 च्या आधीची असं सांग, कारण पुढं तीही बदलली. शक्यतो पार्ट नंबर सांग. तो जुन्या बिलावर असतो. पहिल्या पाच पार्टांवरून निर्णय करू नकोस, ते दोन्ही गाड्यांचे मिळतील. खालचे पाच बघ.

दुकानदाराचं उत्तर काय येणार याचा अंदाज इंजिनावरूनही बांधता येतो. ब्रेझा डिझेलमध्ये फियाटचं 1.3 मल्टिजेट आहे. हेच इंजिन थोड्याफार फरकानं स्विफ्ट, डिझायर, अर्टिगा, सियाझ, टाटाची इंडिका व्हिस्टा आणि झेस्ट, फियाटची पुंटो आणि लिनिया यांत होतं. डिझायर आणि अर्टिगा पिवळ्या पाटीवर महिन्याला हजारो किलोमीटर धावल्या. ज्या गाड्या टुरिस्टमध्ये चालतात त्यांचे पार्ट आपोआप तालुक्यापर्यंत पोचतात, कारण त्या मालकाला गाडी एक दिवसही उभी ठेवणं परवडत नाही आणि दुकानदाराला ते गिऱ्हाईक रोज हवं असतं. इकोस्पोर्टचं दीड लिटर डिझेल इंजिन चांगलं आहे, ताकदीचं आहे, मालकही त्याची स्तुतीच करतात. पण आपल्याकडे ते फिगो, ॲस्पायर, फ्रीस्टाइल अशा फोर्डच्याच गाड्यांत होतं आणि त्या सगळ्यांचं उत्पादन एकदमच थांबलं. त्याचा मिस्त्रीही तुला शोधावा लागेल. मल्टिजेट न उघडलेला मिस्त्री मात्र उदगीरला सापडणं अवघड.

म्हणून मल्टिजेटला दोष नाहीत असं समजू नकोस. त्याला टायमिंग चेन आहे. ऑइल वेळेवर न बदललेल्या इंजिनात ती सैल पडते आणि सकाळी थंड गाडी चालू करताना खडखडाट ऐकू येतो. नांदेडची गाडी बघायला जाशील तेव्हा ती सकाळी, मालकानं आधी गरम करून ठेवलेली नसताना बघ. बॉनेटवर हात ठेव. कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. इकोस्पोर्ट डिझेलला चेन नसून बेल्ट आहे. त्याची मुदत किलोमीटर आणि वर्षं या दोन्हींनी मोजतात, मॅन्युअलमध्ये बघ. कमी धावलेल्या गाडीचा बेल्टही वयानं म्हातारा होतोच, आणि तो तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात.

आता सव्वा लाखाचा हिशेब. इकोस्पोर्ट घेऊन ती एखाद्या तिसऱ्या जातीच्या पार्टसाठी महिनाभर उभी राहिली, आणि तू ड्यूटीसाठी भाड्यानं गाडी लावलीस, दिवसाला 1,500 धरलेस, तर महिन्याचे 45,000 होतात. असं दोनदा झालं की वाचवलेल्या पैशांतले बरेचसे गेले. विकताना या गाडीचं गिऱ्हाईकही कमी मिळेल, ते वेगळंच. पण तुझ्या बाबतीत पैशापेक्षा रात्रीचं बोलावणं महत्त्वाचं. रात्री दोन वाजता भाड्याची गाडी मिळायला किती वेळ लागतो, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

माझा सल्ला स्पष्ट आहे: तू ब्रेझा घे. इकोस्पोर्टपेक्षा ती चालवायला सरस आहे असं मी म्हणत नाही. तू चालवून पाहिलीस, तुझंच खरं. पुण्यात राहणाऱ्या, घरात दुसरी गाडी असलेल्या माणसाला मी तीच इकोस्पोर्ट डिझेल आनंदानं घ्यायला सांगितली असती. तिथं पार्ट शोधणारी माणसं आहेत, आठवडा-पंधरवडा थांबायची सोय आहे. तुझ्याकडे ती सोय नाही.

तरीही तुझं मन इकोस्पोर्टवरच बसलं असेल, तर चार अटींवर घे. खालच्या पाच पार्टांपैकी निदान तीन तरी "आहे" किंवा "उद्या येईल" या उत्तरात आले पाहिजेत. वाचलेले सव्वा लाख वेगळ्या खात्यात ठेव, खर्च करू नकोस. लातूरला फोर्डवर हात बसलेला एक मिस्त्री आधी ठरव. त्याच्याकडे चांगला स्कॅनर किंवा फोर्डसाठीचं फोरस्कॅन सॉफ्टवेअर आहे का ते बघ, नाहीतर एका सेन्सरच्या दिव्यासाठी गाडी पुण्याला न्यावी लागेल. आणि अपघाती गाडीचा सुटा पार्ट घ्यायची वेळ आली, तर दरवाजा, आरसा, हेडलाईट घे. एअरबॅग, सीटबेल्ट आणि ब्रेकचे पार्ट जुने कधीही घेऊ नकोस. त्यांचं आतलं वय बाहेरून दिसत नाही.

येत्या रविवारपर्यंत दहा पार्टांचा कागद भरून त्याचा फोटो मला पाठव. दोन्ही गाड्यांचे चॅसी नंबर आणि सर्व्हिसची बिलंही पाठव. बिलांतले पार्ट मी बघून देतो. तोवर कुणालाही टोकन देऊ नकोस. "दुसरं गिऱ्हाईक उद्या येतंय" असं विकणारा म्हणाला, तर येऊ दे. 2019 च्या ब्रेझा डिझेल बाजारात पुष्कळ आहेत. ही गेली तर दुसरी बघू.

आईला आणि जावईबापूंना नमस्कार सांग.

तुझा,
मामा